मैफलींचा दौरा आणि सीएलचा हिशोब : केंद्र सरकारी नोकरीतल्या कलाकाराने रजा कशी मांडावी

मुंबईतल्या एका केंद्र सरकारी कार्यालयात मी आस्थापना शाखेत बसतो आणि सुट्टीच्या दिवशी हार्मोनियमवर साथ करतो. म्हणजे रजेचे अर्ज टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेत. थंडीत मैफलींचा हंगाम सुरू होतो, तेव्हा नेमकी किरकोळ रजा, म्हणजे सीएल, संपत आलेली असते किंवा नव्या वर्षाचा कोटा हातात आलेला असतो. वर्षाला मिळतात फक्त ८. त्यामुळे आयोजकांना होकार देण्याआधी कॅलेंडर उघडा.

समजा, एखाद्या वर्षी २६ जानेवारी सोमवारी आली आणि तुमचं कार्यालय पाच दिवसांच्या आठवड्याचं आहे. शुक्रवारी धारवाड, शनिवारी बेळगाव, रविवारी कोल्हापूर असे तीन कार्यक्रम ठरले. गुरुवारी काम आटोपून रात्री निघायचं, सोमवारी थोडी विश्रांती आणि परतीचा प्रवास, मंगळवारी घरी. कामाचे दिवस बुडतात दोनच, शुक्रवार आणि मंगळवार.

आता रजेचा प्रकार ठरवा, कारण खरा फरक इथे पडतो. सीएलमध्ये अधेमधे येणारे शनिवार-रविवार आणि सुट्ट्या मोजल्या जात नाहीत, म्हणून हा दौरा २ सीएलमध्ये बसतो. तोच अर्ज अर्जित रजेचा, म्हणजे ईएलचा, केलात तर शुक्रवार ते मंगळवार सलग ५ दिवस खात्यातून जातात. ईएलच्या आधी किंवा नंतर लागून आलेली सुट्टी धरत नाहीत, पण मध्ये सापडलेली धरतात. आणि शुक्रवार ईएल, मंगळवार सीएल अशी युक्ती चालत नाही. सीएल दुसऱ्या रजेला जोडता येत नाही, असा अर्ज आमच्याकडून परतच जातो.

एकच सीएल उरली असेल तर ती शुक्रवारी वापरा आणि मंगळवारी हजर व्हा. कोल्हापूरहून रात्री निघणारी महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते. रविवारी मैफल रंगली तर ती गाडी गाठायची धडपड करू नका, सोमवारी रात्रीचं तिकीट काढा. गाडी उशिरा आली तरी अर्ध्या दिवसाच्या सीएलने निभावतं, म्हणून शक्य असेल तर अर्धी सीएल राखून ठेवा.

सीएल अजिबात नसेल तर शुक्रवारची एकच ईएल घ्या. पुढचे तीन दिवस तिला लागून येतात, ते मोजत नाहीत. मात्र मंगळवार हुकला की ती रजा वाढवावी लागते आणि एकाचे थेट पाच दिवस होतात. अशा वेळी मी तरी सोमवारी दिवसाच परत येईन.

अर्जात कारण खरं लिहा. "संगीत कार्यक्रमासाठी" एवढं पुरे. ‘आजारपण’ लिहिलं आणि शनिवारी आयोजकांनी मंचावरचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला, तर साहेबांच्या फोनपर्यंत तो पोहोचायला तासही लागत नाही. दुसरी ओळ बहुतेक जण विसरतात : मुख्यालय सोडण्याची परवानगी. सुट्टीच्या दिवशीही मुंबईबाहेर असणार, तर ती मागायची. अर्ज साधारण असा :

"दि. २३ व २७ जानेवारी या दोन दिवसांची किरकोळ रजा मंजूर व्हावी. दि. २४, २५ व २६ या सुट्ट्यांना लागून ती घेत आहे. २२ जानेवारीच्या संध्याकाळी कार्यालयीन वेळेनंतर मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी. संपर्क क्रमांक सोबत दिला आहे."

रजा मंजूर झाली म्हणजे मानधन घ्यायला परवानगी मिळाली, असं होत नाही. केंद्रीय वर्तणूक नियमांतला, म्हणजे १९६४ च्या नियमांतला, नियम १५ अधूनमधूनच्या कलाविषयक कामाला पूर्वपरवानगी मागत नाही, पण सरकारने सांगितलं तर ते थांबवावं लागतं. पैसे घ्यायचे असतील तर सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी वेगळी लागते. म्हणून रजेच्या अर्जाबरोबरच दुसरा कागद द्या : तारखा, गावं, आयोजक, अपेक्षित मानधन. आयोजकांनी टीडीएस कापला तर रक्कम तुमच्या पॅनवर दिसणारच आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. (आकाशवाणीवर निव्वळ कलाविषयक कार्यक्रम असेल, तर त्या प्रसारणाला मंजुरी लागत नाही. जुन्या कलाकारांना हे पाठ असतं, नवे विनाकारण घाबरतात.)

आयोजकांना एक गोष्ट आधीच बजावून ठेवा : पत्रिकेवर हुद्दा छापू नका. आमच्या एका सहकाऱ्याच्या नावाखाली कौतुकाने पद छापलं होतं. कार्यक्रम उत्तम झाला, पण खुलासा लिहिण्यात त्याचे दोन दिवस गेले.