पहिली फुल मॅरेथॉन निवडताय? या चुका टाळा (खास कोल्हापूरकरांसाठी)

दरवर्षी सातारा हिल हाफ झाली की रंकाळ्यावर सकाळी एकच चर्चा सुरू होते, आता फुल करायची. आणि मग ज्याचं मेडल भारी दिसतंय किंवा ज्याला मित्र चाललेत तिथं पैसे भरून मोकळे. इथंच गडबड होते.

पहिली चूक म्हणजे "सातारचा घाट पळलो, मग मुंबईला काय अवघड?" हे गणित. साताऱ्यात यवतेश्वरचा चढ पहिल्या अर्ध्यात येतो, पाय ताजे असतात आणि परतताना उतार मिळतो. मुंबईत उलटं आहे, टाटा मुंबई मॅरेथॉनच्या नेहमीच्या रूटवर पेडर रोडचा चढ परतीला, ३५ किलोमीटरच्या आसपास लागतो. चढ तसा किरकोळच, आपल्या पन्हाळ्याच्या घाटापुढं तर काहीच नाही, पण तोपर्यंत मांड्या भरून आलेल्या असतात. म्हणून नुसता एकूण चढ किती मीटर हा आकडा बघू नका, चढ कितव्या किलोमीटरला आहे ते बघा, आणि तेही यंदाच्या नकाशावर, कारण रूट बदलतात.

दुसरी चूक हवामानाची, आणि ही जास्त महागात पडते. लोक "जानेवारीत मुंबईचं किमान तापमान" बघतात आणि खूश होतात. अरे पण ते पहाटेचं तापमान, तुम्ही तेव्हा जेमतेम सुरुवात केलेली असणार!

आपल्या ग्रुपमधल्या एखाद्याचं हाफ अडीच तासाचं आहे असं धरा. पहिल्या फुलला त्याच्या दुप्पट अधिक वीस-तीस मिनिटं धरावीत, म्हणजे साडेपाच तास, किलोमीटरला साधारण ७ मिनिटं ५० सेकंद. पहाटे ५ ची सुरुवात, गर्दीत स्टार्ट लाइन ओलांडायला दहा मिनिटं गेली, तर हा गडी ३५ व्या किलोमीटरला पावणेदहाच्या सुमारास पोचतो आणि संपवतो पावणेअकराच्या आत-बाहेर. म्हणजे पेडर रोड, डोक्यावर ऊन आणि समुद्राची दमट हवा हे तिन्ही एकदमच. साडेतीन तासात संपवणारा साडेआठ-पावणेनऊला घाम पुसत बसलेला असतो, त्याला विचारून "हवा मस्त होती" ऐकाल तर फसाल. आपल्याकडं जानेवारीत कोरडी हवा, घाम लगेच वाळतो आणि अंग गार पडतं, तिकडं तो अंगावरच राहतो, त्यामुळं त्याच स्पीडला हार्ट रेट चढलेला दिसतो. एखादा लाँग रन मुद्दाम उशिरा सुरू करून शेवटचे दोन तास उन्हात काढून बघा, मग कळेल झेपतंय का. नाही झेपलं तर गार हवेची, सपाट रस्त्याची दुसरी शर्यत शोधा.

गर्दीचं म्हणाल तर मुंबईला सगळे गट मिळून पन्नास हजारांच्या वर माणसं असतात, सुरुवातीला ओव्हरटेक करायला डावी-उजवीकडं पळून दमू नका. पण लहान शर्यत म्हणजे आरामाची असंही नाही हं, हाफवाले निघून गेले की मागच्या फुलवाल्यांना रस्ता रिकामा मिळतो, ट्रॅफिक सोडलेलं असतं आणि पाण्याच्या टेबलावर कधीकधी फक्त रिकामे ग्लास. हे आधी कळायची एक सोपी युक्ती आहे, मागच्या वर्षीचा रिझल्ट उघडा आणि तुमच्या वेळेच्या आसपास किती जणांनी फुल पूर्ण केली ते मोजा. पाच तासांनंतर चार-दोनच नावं असतील तर तिथं तुम्ही एकटे पडणार. कट-ऑफ पण बघा, आणि तो तोफ उडाल्यापासून मोजतात की चिपवर, हेही वाचा, मागच्या कोरलमधल्याला ती दहा मिनिटं लई असतात.

आता प्रवास. शनिवारी रात्री महालक्ष्मीनं निघू आणि सकाळी थेट पळू, असा प्लॅन करणारे भेटतात, खरंच! गाडी सीएसएमटीला सकाळी सातनंतर पोचते, तेव्हा शर्यत सुरू होऊन दोन तास झालेले असतात. शिवाय बिब आधीच एक्स्पोमध्ये जाऊन घ्यावा लागतो, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. म्हणून शुक्रवारी रात्रीची गाडी, शनिवारी सकाळी बिब, एक्स्पोत तासन् तास हिंडणं नको, दुपारी आडवं व्हायचं. हॉटेल फोर्ट-सीएसएमटीच्या चालत जाण्याच्या अंतरावर घ्या आणि बुक करतानाच लेट चेकआउट मागा, कारण तुम्ही साडेअकराला लंगडत पोचणार आणि बऱ्याच ठिकाणी बाराला खोली सोडायला लावतात. रेल्वेचं रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, जायचं नि यायचं दोन्ही ज्याचं त्याचं बुकिंग उघडेल त्या पहिल्या दिवशीच काढा, आणि रविवारी रात्री परत येताना लोअर बर्थ मिळवा, त्या पायांनी वरच्या बर्थवर चढणं म्हणजे मर्दा दुसरा पेडर रोडच.