समृद्धीवर निघताय? आधी डिकीत काय आहे ते बघा, स्टेपनीच्या या चुका टाळा

नाशिकमध्ये गाडी चालवताना स्टेपनीची आठवण कोणाला येत नाही, कारण द्वारका ते पाथर्डी फाटा जाताना पंक्चरवाले एवढे भेटतात की ढकलत नेली तरी गाडी दुकानापाशी पोचते. खरी पंचाईत समृद्धीवर. एकट्या शिर्डी ते नागपूर टप्प्याचे ५२० किलोमीटर, मोकळ्या भागात कारला १२० चं लिमिट, आणि टायर फुटला तर बाजूला टपरी नाही की झाड नाही. तिथे डिकीत जे असेल तेच तुमचं, म्हणून ते नक्की काय आहे हे घरीच बघून घ्या.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे "स्टेपनी आहे ना" एवढ्यावर निघणं. जुलै २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला, त्यानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून ज्या प्रवासी कारला ट्यूबलेस टायर, टायर प्रेशर दाखवणारी सिस्टीम आणि रिपेअर किट आहे तिला स्टेपनी देणं कंपनीवर बंधनकारक राहिलं नाही. त्यामुळे काही नव्या गाड्यांत कार्पेट उचललं की चाकाच्या जागी थर्माकोलचा साचा, एक बाटली आणि छोटा कंप्रेसर निघतो, आणि मालकाला ते पहिल्यांदा कळतं तेच रस्त्याच्या कडेला उभं असताना.

चाक असेल तर साइज वाचा. चालू चाकांवर आणि स्टेपनीवर सेम साइज असेल तर ती फुल साइज, मग रिम लोखंडी असली तरी बिनधास्त लावा. वेगळी असेल तर ती टेम्पररी, पण इथेही दोन प्रकार आहेत आणि घोळ इथेच होतो. आपल्याकडे बऱ्याच हॅचबॅकच्या टॉप मॉडेलला १९५/५५ आर१६ चे अलॉय आणि स्टेपनी मात्र १८५/६५ आर१५ लोखंडी अशी जोडी असते. हिशोब केला तर दोन्हींची उंची जवळपास सारखीच, ६२१ मिलिमीटरच्या आसपास, फरक रुंदीत आणि पकडीत. दुसरा प्रकार म्हणजे तो बारीक, स्कूटरच्या चाकासारखा दिसणारा डोनट, त्याच्या साइजच्या आधी इंग्रजी टी अक्षर असतं. दोन्हींच्या रिमवर ८० चा पिवळा किंवा लाल स्टिकर असेल तर ८० म्हणजे ८०च, "रस्ता मोकळा आहे" म्हणून शंभर नाही.

हवेची चूक यातूनच येते. पंपावरचा पोरगा चारही चाकांत ३३ भरतो आणि स्टेपनीतही ३३ टाकतो. पहिल्या प्रकारात ते साधारण चालून जातं, तरी दारावरचा स्टिकर बघाच. पण डोनटला सहसा ६० पीएसआय लागतात, त्यात ३३ भरून लोड टाकला तर साइडवॉल म्हणजे टायरची बाजू दबून गरम होणार आणि तेही फुटणार. उलट १८५ च्या टायरमध्ये कोणाचं तरी ऐकून ६० भरू नका. पहिल्या प्रकाराला दारावरचा स्टिकर फायनल, डोनटला त्याच्या टायरवर लिहिलेला आकडा.

आमच्या कॉलनीतल्या एका काकांची केस सांगतो. अशीच अलॉयवाली हॅचबॅक, जालन्याच्या पुढे पुढचा उजवा टायर लोखंडाच्या पट्टीवर गेला आणि साइडवॉल फाटली. स्टेपनी होती, हवा होती, त्यांनी सरळ पुढच्या उजव्या बाजूला लावली आणि निघाले. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे ताकद, स्टेअरिंग आणि ब्रेकचा जास्तीचा भार सगळा त्या अरुंद टायरवर, ब्रेक मारला की स्टेअरिंग एका बाजूला ओढायचं. बरोबर पद्धत थोडी कटकटीची आहे, पण दोनदा जॅक लावायचा: आधी मागचं चांगलं चाक काढून तिथे स्टेपनी लावायची, नट घट्ट करून गाडी खाली घ्यायची, मग पुढचं फाटलेलं काढून त्याजागी ते मागून काढलेलं चाक लावायचं. १५-२० मिनिटं जास्त जातात, उन्हात घाम निघतो, पण पुढे दोन्ही सारखे टायर राहतात. नंतर ५०एक किलोमीटरवर नट पुन्हा आवळून घ्या.

काकांची दुसरी चूक म्हणजे नागपूरपर्यंत तसंच जायचं ठरवणं. टेम्पररी चाक पुढच्या इंटरचेंजला उतरून मोठ्या गावापर्यंत जाण्यासाठी असतं, शेकडो किलोमीटरसाठी नाही. शिवाय १६ इंचाचा तुमच्या साइजचा टायर प्रत्येक गावात मिळेलच असं नाही, म्हणून साइजचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, दुकानात फोन करून विचारता येतं. ते शेवटी मागे फिरून जालन्यात उतरले आणि टायर घेऊनच पुढे गेले.

आता फक्त किट असेल तर. किट टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागात, म्हणजे ट्रेडमध्ये घुसलेल्या खिळ्यासाठी आहे, साधारण ४ ते ६ मिलिमीटरच्या भोकापर्यंत. साइडवॉल फाटली किंवा रिम वाकली तर ती बाटली काहीच कामाची नाही, म्हणजे काकांच्या केसमध्ये किटवाला माणूस टोइंगची वाट बघत बसला असता. खिळा दिसला तर उपटू नका, तोच अर्धं भोक बुजवून बसलेला असतो. बाटली जोडून कंप्रेसर चालू केला की सुरुवातीला काटा एकदम वर जातो, बरेच जण घाबरून बंद करतात, पण ते लिक्विड आत जाताना होतं, अर्ध्या मिनिटात खाली येतं. दहा मिनिटांत २६ पीएसआयसुद्धा होत नसतील तर भोक मोठं आहे, कंप्रेसर तापवत बसू नका. हवा भरली तर लगेच निघायचं, चहा प्यायला थांबायचं नाही, कारण लिक्विड चाक फिरल्यावरच आत पसरतं. दहाएक मिनिटं ८० च्या आत चालवून थांबा आणि पुन्हा मोजा, १९ पीएसआयच्या खाली गेली असेल तर तिथेच थांबा. पंक्चरवाल्याला आत लिक्विड आहे हे आधी सांगा नाहीतर त्याच्या अंगावर उडतं आणि शिव्या आपल्याला. आणि बाटलीला एक्सपायरी असते, बहुतेक चार-पाच वर्षं, सेकंड हँड गाडी घेतली असेल तर ही तारीख आधी बघा.

माझं मत विचाराल तर शहरात किट ठीक, पण नाशिक-नागपूरसारख्या प्रवासाला फुल साइज लोखंडी स्टेपनीच. डिकीत गोल खड्डा असेल तर चाक विकत घेता येतं, फक्त पीसीडी म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचं माप आणि मधलं भोक जुळतंय का ते टायरवाल्याकडून लावून बघा, नुसतं ठेवून नाही. बाहेरचे अलॉय बसवलेल्यांनी तर हे करायलाच हवं, कारण काही अलॉयचे नट लोखंडी रिमवर नीट बसत नाहीत, त्यासाठी कंपनीचे जुने नट डिकीत हवेत. लॉक नट असेल तर त्याची चावीही.

सीएनजीवाल्यांनी आणि सात सीटरवाल्यांनी निघायच्या आधी एकदा स्टेपनी काढून बघा. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटमध्ये सिलेंडर बऱ्याचदा चाकाच्या बरोबर वर येतो, आणि गाडीखाली लटकणाऱ्या स्टेपनीची चेन चिखलाने गंजून जाम होते, दांडा फिरवला तरी खाली येत नाही. थोडं ऑइल सोडा, दोनदा वरखाली करा, त्याच वेळी टायरवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. न वापरलेली स्टेपनी नवी दिसते, पण दहा वर्षांचं रबर कडक होऊन भेगाळलेलं असतं, ती लावून १२० सोडा, ८० पण नको.