गिरमिटियांवरचा प्रश्न आला की आधी बंदर विचारा

धरमपेठेतल्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी मी इतिहासाच्या पोरांच्या शंका घेतो. कुणी एम.ए.चं, कुणी नेटचं, तर कुणी यूपीएससीला इतिहास घेतलेलं. गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधून समुद्रापारच्या वसाहतींत नेलेल्या मजुरांवरचा प्रश्न दिला की नव्या मुलांची उत्तरं एकाच साच्यातून निघतात. १८३३चा गुलामगिरीबंदीचा कायदा, उसाच्या मळ्यांना मजुरांची गरज, दलालांनी केलेली फसवणूक आणि शेवटी गांधीजी. त्यातही पहिला परिच्छेद ‘गिरमिट’ शब्द कसा आला यातच संपतो. खोटं काहीच नसतं, पण हेच उत्तर मॉरिशसला लावा, फिजीला लावा, सुरीनामला लावा, काही फरक पडत नाही. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं चाललेल्या व्यवहाराला असं एक उत्तर पुरत नाही.

म्हणून नवीन मुलांना मी आधी तीन गोष्टी ठरवायला लावतो: माणसं कोणत्या बंदरातून गेली, कोणत्या साली आणि कोणत्या वसाहतीत. या तिन्ही ठरल्या की बाकीचं उत्तर बरंचसं आपोआप उभं राहतं. नागपूरकरांना हे पटवायला एक प्रश्न हमखास कामी येतो, कारण तो दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच.

“दादा, १८३४ला मॉरिशसला गेलेल्या पहिल्या मजुरांत आपल्या नागपूरचे लोक होते ना? जुन्या कागदात ‘नागपोर’ लिहिलंय, आणि जात धनगर.”

मी लगेच नाही म्हणत नाही. त्याच्याकडूनच काढून घेतो. जहाज कोणतं? ‘ॲटलस’. निघालं कुठून? कलकत्त्याहून. २ नोव्हेंबर १८३४ला पोर्ट लुईला लागलं, त्यात ३६ करारबद्ध मजूर होते. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, आणि तो कलकत्त्याच्या मॅजिस्ट्रेटपुढे झालेला. आता नागपूरकडे पाहा. त्या वर्षी इथे तिसऱ्या रघूजी भोसल्यांचं राज्य होतं, ते खालसा झालं १८५४ला. रेल्वे आली १८६७ला, तीही मुंबईकडून. १८३४मध्ये नागपूर भागातल्या माणसाने मजुरीसाठी कलकत्ता गाठायला रुळलेली वाटच नव्हती.

मग हे ‘नागपोर’ कुठलं? छोटा नागपूरचं पठार, म्हणजे आजचा झारखंडचा भाग. तिथले उरांव, मुंडा लोक बंगालच्या निळीच्या कारखान्यांत हंगामी मजुरीला आधीपासून उतरत होते. १८३१-३२च्या कोल उठावाने तो मुलूख आणखी हलला होता. कलकत्त्यात या डोंगरी मजुरांना ‘हिल कुली’ किंवा ‘धांगर’ म्हणत. आपल्याकडच्या मेंढपाळ धनगर समाजाशी त्याचा संबंध नाही. कलकत्त्यातल्या व्यापारी कंपनीला हे मजूर दारातच मिळाले, म्हणून पहिल्या जहाजात ते गेले.

इथवर आलं की मुलगा जरा हिरमुसतो. पण उत्तर इथे संपत नाही. समुद्रप्रवासात या डोंगरी लोकांमध्ये मृत्यूचं प्रमाण फार होतं, आणि पुढे भरती करणाऱ्यांचा मोर्चा बिहार व अवधच्या मैदानाकडे वळला. मॉरिशसमध्ये भोजपुरी का रुजली, याचं उत्तर या वळणात आहे. मध्य प्रांतातून नंतरच्या काळात काही माणसं समुद्रापार गेली, पण इकडचा मोठा ओघ छत्तीसगडातून आसामच्या चहामळ्यांकडे होता, विशेषतः १८९६-९७ आणि १८९९-१९००च्या दुष्काळांत. आसामचा मजूरही कराराने बांधलेला होता आणि पळाला तर शिक्षाही होती. तरी ते समुद्रापार स्थलांतर नव्हे. प्रश्नात ‘समुद्रापार’ असेल तर आसाम एका वाक्यात तुलनेपुरता आणायचा, त्यावर पान भरायचं नाही. श्रीलंका-मलायातल्या कंगाणी पद्धतीचंही तसंच. तिथे मुकादमच गावाकडून माणसं आणायचा आणि उचल द्यायचा. ते समुद्रापार होतं खरं, पण बांधिलकी मुख्यतः कर्जाची होती.

लगोलग दुसरी शंका येते: मग मराठी माणसं गेलीच नाहीत का? गेली, पण मुंबई बंदरातून, आणि मुख्यतः मॉरिशसलाच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रत्नागिरी आणि सावंतवाडीच्या मुलखातून ती निघाली. कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने मुंबईचा वाटा लहान होता. त्रिनिदाद, गयाना, फिजीला माणसं गेली ती प्रामुख्याने कलकत्ता आणि मद्रासहून, म्हणून तिथे मराठी वस्ती शोधायला जाऊ नये. मॉरिशसमध्ये मात्र मराठी समाज आजही वेगळा ओळखू येतो, आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. विदर्भातली मुलं ‘महाराष्ट्रातून’ असं लिहून मोकळी होतात. तेव्हा महाराष्ट्र नव्हता, आणि गेले ते कोकणातले. एवढं नेमकं लिहिलं की परीक्षकाला दिसतं, याने वाचलंय.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘ही नव्या रूपातली गुलामगिरी होती का?’ या प्रश्नात. वसाहतमंत्री लॉर्ड जॉन रसेल यांनी १८४०मध्येच ही भीती बोलून दाखवली होती, तेव्हा प्रश्न जुना आहे. मुलं जहाजातली गर्दी आणि फसवणूक वर्णन करत बसतात. मला विचाराल तर याचं वजन करारात नाही, करार संपल्यानंतर आहे. मॉरिशसचंच घ्या. रजेशिवाय एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापला जाई. हे झालं करारातलं. पण १८६७च्या कायद्याने करार पुरा केलेल्या मजुरालाही फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. तो सापडला नाही तर पोलीस भटक्या म्हणून पकडत. म्हणजे कागदावर मोकळा झालेला माणूस पुन्हा करार करायलाच ढकलला जात होता. १८७१ला अडोल्फ द प्लेव्हित्झ या मळ्यावरच्या गृहस्थाने हजारो जुन्या मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरला दिला, आणि १८७२ला रॉयल कमिशन बसलं.

गुलामाशी फरकही याच ठिकाणी दिसतो. गुलामाची मुलं मालकाची होती, मजुराची नव्हती, आणि पैसा साठवून त्याला जमीन घेता येत होती. साखरेचे भाव उतरले तसे मळेवाल्यांनी जमिनीचे कडेचे तुकडे पाडून विकायला काढले, आणि ते घेणाऱ्यांत बरेच जुने गिरमिटिये होते. मळ्याबाहेर भारतीयांची गावं त्यातून वसली. ‘समुदाय कसे घडले’ या प्रश्नात मुलं सण, जेवण, देवळं लिहितात. आधी जमीन लिहा, देवळं तिच्यावरच उभी राहिली.

शेवट करताना गांधीजींवर उडी मारण्याआधी गोखले आठवा. १९१० साली त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीला मजूर पाठवणं थांबवण्याचा ठराव आणला आणि १९११ला ते थांबलं. १९१२ला संपूर्ण पद्धतच बंद करण्याचा त्यांचा ठराव मात्र सरकारी मतांपुढे पडला. भरती थांबली ती १९१७ला, महायुद्ध चालू असताना, आणि फिजीतले उरलेले करार १ जानेवारी १९२०ला रद्द झाले. ‘१९१७ला पद्धत संपली’ असं लिहिणाऱ्याला मी हटकून विचारतो: कोणत्या वसाहतीतली, आणि भरती की करार?