ट्रिआजची पाळी फिरवताना या चुका टाळा

आलेल्या तक्रारी तपासून, प्राधान्य ठरवून योग्य माणसाकडे सोपवणं म्हणजे ट्रिआज; टीममध्ये हे काम आठवड्याच्या पाळीने फिरतं. त्यातली सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे पाळीवाला स्वतःच बग दुरुस्त करायला बसतो. समजा, इंदूरमधली पाच जणांची बिलिंग सॉफ्टवेअरची टीम आहे. सकाळी तक्रार येते, 'बिलावर ग्राहकाचं नाव कोरं छापलं जातं.' पाळीवाला कोड उघडतो आणि त्यातच संध्याकाळ होते. तोवर 'जीएसटी चुकीचा लागतोय' ही त्याहून गंभीर तक्रार कुणी उघडलेलीही नसते.

खरं तर त्याने टेस्ट खात्यातून दोन बिलं काढून बघायची. इंग्रजी अक्षरातलं नाव छापलं जातंय आणि देवनागरीतलं गायब होतंय, एवढं कळलं की संशय फॉन्टवर जातो. ते दोन ओळींत लिहायचं, लेबल लावायचं, प्राधान्य ठरवायचं (हिशोब चुकत नाही, म्हणून जीएसटीच्या खालचं) आणि छपाईचा भाग बघणाऱ्याच्या नावावर टाकून पुढच्या तक्रारीकडे वळायचं. एका तक्रारीला अर्धा तास पुरे. तेवढ्यात बग दिसला नाही तर ब्राउझर कोणता, आवृत्ती कोणती, हे ग्राहकाला विचारून `needs-info` लेबल लावावं.

दुसरी चूक इथेच दडलेली असते. गिटहबवर रोज सकाळी बहुतेक जण हा शोध चालवतात:

```
is:open is:issue no:label sort:created-asc
```

जुनं आधी दिसतं, हे बरंच आहे. पण ग्राहकाने उत्तर दिलं तरी `needs-info` लेबल आपोआप निघत नाही, त्यामुळे ती तक्रार या यादीत परत येतच नाही. 'एवढं सविस्तर लिहूनही कुणी बघत नाही' असं ग्राहक म्हणतो, ते उगाच नाही. म्हणून दुपारी जेवणानंतर दुसरा शोध:

```
is:open is:issue label:needs-info sort:updated-desc
```

ज्यांचं उत्तर आलंय त्यांचं लेबल काढायचं आणि त्या नव्या तक्रारीसारख्या तपासायच्या. संध्याकाळी पहिला शोध पुन्हा एकदा चालवायचा, की दिवस संपला.

पाळी सोमवारी सकाळी बदलू नये. शनिवार-रविवारी साचलेलं जुन्याचं की नव्याचं, यावर तू-तू मैं-मैं होते, आणि सोमवारी कुणी ना कुणी रजेवर असतंच. बुधवारी दुपारी दोघं जागेवर असतात. तेव्हा अडकलेल्या तक्रारी आणि कुणाच्या उत्तराची वाट आहे, एवढं लिहून द्यावं. तोंडी सांगितलेलं गुरुवारपर्यंत विसरलं जातं.

वेळापत्रक लावताना कॅलेंडरही समोर ठेवा. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर निघते, त्या दिवशी इंदुरात कोण लॅपटॉप उघडणार? ज्याला सुट्टी हवी त्यानेच बदली शोधून नाव बदलावं, टीम लीडच्या मागे लागू नये. आणि पाळीच्या आठवड्यात त्या माणसाला नेहमीच्या कामाचा पूर्ण वाटा देऊ नका. मी तर निम्माच धरतो.