उन्हाच्या थकव्यावर पन्हं देताना या चुका टाळा

चैत्रातल्या हळदीकुंकवाचं पन्हं आणि उन्हातून थकून आलेल्या माणसाला द्यायचं पन्हं एकाच मापाने करणं, ही सगळ्यात मोठी चूक. सणाच्या पन्ह्यात गराच्या दुप्पट गूळ घालतात. 250 ग्रॅम गराला 500 ग्रॅम गूळ धरला, तर पेल्यात तीन मोठे चमचे (सुमारे 50 ग्रॅम) गूळ मिसळलेला गर घेताना 33 ग्रॅम गूळ पोटात जातो. ओआरएसच्या तेवढ्याच पेल्यात साखर 3 ग्रॅमसुद्धा नसते. इतकं गोड पेय पोटात रेंगाळतं, मळमळतं, आणि जुलाब होत असतील तर ते वाढतातही.

थकव्यासाठी माप वेगळं धरा. मध्यम कैरी कुकरमध्ये उकडून 100 ग्रॅम गर काढा. त्यात 40 ग्रॅम गूळ आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ (अडीच ते तीन ग्रॅम) घालून पाण्याने एक लिटर करा. 200 मिलिच्या पेल्यात 8 ग्रॅम गूळ आणि अर्धा ग्रॅमच्या जरा वर मीठ येतं. चवीला ते आंबट, फिकं लागेल, लागू द्या. घोटघोट पाजा. जुलाब-उलट्या असतील तर मात्र पन्हं नको, ओआरएसच द्या.

मीठ बहुधा दोनदा पडतं: एकदा गरात, मग पेल्यात वरून पादेलोण. सैंधव किंवा पादेलोण ‘चालतं’ हा गैरसमज आहे, तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच. रक्तदाब असलेल्याने दिवसभराच्या 5 ग्रॅम मिठात हेही मोजावं. घाम फारसा आला नसेल तर बिनमिठाचं प्यावं. कमी सोडियमचं मीठ हा सोपा उपाय वाटतो, पण त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल, तर ते डॉक्टरांना विचारूनच वापरावं. हृदय कमकुवत असलेल्यांना तर किती पाणी प्यायचं हेही ठरवून दिलेलं असतं.

मधुमेहात गूळ साखरेपेक्षा सौम्य नाही. रक्तातली साखर तोही चढवतो. रोजच्यासाठी गर, पाणी, जिरेपूड आणि चिमूटभर मीठ पुरे. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्याला घाम, थरथर, चक्कर आली की ‘ऊन लागलं’ म्हणून बिनसाखरेचं पन्हं हातात देऊ नका. साखर उतरल्याचीही लक्षणं हीच. आधी ग्लुकोमीटरवर पाहा. आकडा 70 च्या खाली असेल तर तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. यंत्र हाताशी नसेल तरी साखरपाणी द्या.

माणूस बरळत असेल, झापड आली असेल किंवा ताप 40 अंशांवर गेला असेल, तर तोंडाने काहीच देऊ नका, ठसका लागून ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. 108 ला फोन करा, सावलीत न्या, कपडे सैल करून अंगावर पाणी ओता आणि जोरात वारा घाला.