रक्तपेढीच्या पेजवर ट्रेंडिंग मीम टाकताना या चुका टाळा

मे महिना रक्तपेढीसाठी सगळ्यात कठीण. कॉलेजं बंद, माणसं गावी गेलेली, शिबिरं रोडावलेली, आणि रुग्ण मात्र तेवढेच. याच दिवसांत पेजवरची पोस्ट जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचावी असं वाटतं आणि कुणीतरी म्हणतं, "सध्या ते मीम चाललंय, त्यावर आपलं काहीतरी करू या." एका ट्रस्टच्या रक्तपेढीचं पेज मी सहा वर्षं सांभाळते आहे. मीम टाकायला माझी हरकत नाही. पण कुठलं टाकायचं हे ठरवताना ज्या चुका होतात, त्यांतली एक बाकी सगळ्यांच्या मुळाशी असते.

ती म्हणजे आपण फक्त मजकूर वाचतो, जागा बघत नाही. प्रत्येक फॉरमॅटमध्ये जागा आधीच ठरलेल्या असतात: कुणीतरी शहाणा, कुणीतरी फसलेला, कुणीतरी टाकून दिलेला. वरचे शब्द बदलले तरी त्या जागा बदलत नाहीत. मैत्रिणीचा हात धरून चालताना वळून दुसऱ्या मुलीकडे बघणारा तरुण तुम्ही पाहिला असेलच. स्पॅनिश छायाचित्रकार अंतोनिओ गिएम यांचा हा स्टॉक फोटो 2017 मध्ये जगभर पसरला. 2018 मध्ये स्वीडनच्या बानहोफ या इंटरनेट कंपनीने तो नोकरभरतीसाठी वापरला. तरुण म्हणजे तुम्ही, मैत्रीण म्हणजे तुमची सध्याची नोकरी आणि ती दुसरी मुलगी म्हणजे बानहोफ. तिथल्या जाहिरात लोकपालाने ही जाहिरात स्त्रियांचा अवमान करणारी ठरवली, कारण तिच्यात बायका नोकरीसारख्या बदलता येणाऱ्या वस्तू झाल्या होत्या. कंपनीला सांगायचं होतं एवढंच की आमच्याकडे या. बाकीचं फोटोच बोलला.

आमच्याकडेही हाच फोटो आला होता. तरुण म्हणजे रक्तदाता, मैत्रीण म्हणजे रक्तदान शिबिर, दुसरी मुलगी म्हणजे गोव्याची ट्रिप. बघून खोलीतले सगळे हसले. मग मी शब्दांवर हात ठेवला आणि कोण कुठे बसलंय ते कागदावर लिहायला लावलं. ज्याच्याकडे आपण स्वेच्छेने दान मागतो तो बेइमान, आणि आपण रुसून बसलेली मैत्रीण. मे महिन्यात सुट्टीला गेलेल्या माणसाला असं टोचलं, तर तो जूनमध्ये तरी का येईल?

दुसरा प्रस्ताव जास्त अवघड होता. दोन लाल बटणं आणि कुठलं दाबू या विचाराने घाम पुसणारा माणूस. बटणांवर दोन रुग्ण, आणि पिशवी एकच, ओ निगेटिव्ह. प्रसंग खरा आहे, आमच्या तंत्रज्ञांवर तो येतो. म्हणूनच तो नाकारला. आमचं पेज सगळ्यात नेमाने बघणाऱ्यांत थॅलेसेमिया झालेल्या मुलांचे आईवडील आहेत. त्यांच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. त्या बटणावर त्यांना स्वतःचं मूल दिसलं असतं. तेव्हापासून माझी कसोटी ठरलेली आहे: रात्री दोन वाजता फोन नंबर शोधत पेजवर आलेल्या माणसाला ही पोस्ट सगळ्यात वर दिसली, तर त्याला काय वाटेल?

चांगलं जमलेलं मीम कसं असतं हे बघायचं तर पोलिसांकडे बघावं. ऑगस्ट 2020 मध्ये 'बिनोद' हे नाव यूट्यूबच्या कॉमेंटपासून सगळीकडे पसरलं. मुंबई पोलिसांनी बिनोदला उद्देशून लिहिलं की तुझं नाव हाच तुझा पासवर्ड नसावा अशी आशा आहे, कारण ते आता सगळ्यांना माहीत झालंय. नाव सर्वांच्या तोंडी असणं हाच तो ट्रेंड होता आणि पासवर्डचा धोकाही नेमका तोच. फेब्रुवारी 2021 मध्ये 'पार्टी'ला 'पावरी' म्हणणारा व्हिडिओ पसरला, तेव्हा उत्तर प्रदेश पोलिसांनी पार्टी करणाऱ्यांऐवजी त्या आवाजाने झोपमोड झालेल्याला उद्देशून लिहिलं आणि 112 नंबर दिला. दोन्ही ठिकाणी ट्रेंडमधली गंमतच संदेशाचं काम करते. वरून चिकटवलेलं काही नाही. तुमचं मीम असं आहे का, हे तपासायला ट्रेंड माहीत नसलेल्या एखाद्याला ते दाखवा. त्याला संदेश तरी कळायला हवा.

शेवटी आमच्याकडे निघालं ते अगदी साधं होतं: लोक रक्तदानाला का येतात, याचा गोल आलेख. एक बारीक फाक 'समाजसेवा', बाकी सगळा 'नंतरचा चहा आणि बिस्किटं'. यात दाता स्वतःवर हसतो, रुग्ण कुठेच नाही आणि सुईला घाबरणाऱ्याला कळतं की हे प्रकरण चहापाशी संपतं. पहिल्या मसुद्यात मोठ्या भागावर 'भेटवस्तू' लिहिलं होतं. ते बदलावं लागलं. रक्तदान हे मोबदल्याशिवायच व्हायला हवं आणि भेटवस्तूंच्या आमिषाने भरणारी शिबिरं ही आपल्याकडची खरी अडचण आहे. गमतीतही संस्थेने त्याला होकार देता कामा नये. खाली पुढच्या शिबिराचा पत्ता, वेळ आणि वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, एवढंच होतं.

आता उगमाबद्दल. 2014 मध्ये अमेरिकेतल्या डिजॉर्नो या पिझ्झा ब्रँडने #WhyIStayed हा हॅशटॅग चाललेला पाहिला आणि पिझ्झा होता म्हणून थांबलो, अशा अर्थाचं ट्वीट केलं. तो हॅशटॅग मारहाण होणाऱ्या स्त्रिया आपण नात्यात का राहिलो हे सांगायला वापरत होत्या. ट्वीट काढून टाकावं लागलं, माफी मागावी लागली. हॅशटॅगखालच्या दहा पोस्ट वाचल्या असत्या तरी हे टळलं असतं. रीलचा आवाज असेल तर आपल्याला हवे तेवढे सात सेकंद ऐकून थांबू नका, मूळ क्लिप शेवटपर्यंत ऐका. पुढच्या ओळीत शिवी किंवा जातीवरचा टोमणा निघतो. फोटो आणि गाण्याच्या हक्कांचं म्हणाल तर शंका असली की आम्ही स्वतःच चित्र काढतो.

शेड्युल केलेल्या पोस्टने मात्र मला मोठा धडा दिला. एका संध्याकाळी आमच्या भागात बसचा अपघात झाला. रक्ताचं आवाहन आम्ही साडेपाचला टाकलं आणि सहाला आठवड्यापूर्वी लावलेलं मीम आपोआप त्याच्यावर जाऊन बसलं. मीम निर्दोष होतं, शेजार चुकला. आता आवाहन टाकणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे लावलेल्या सगळ्या पोस्ट थांबवणं. हे कुणी करायचं, ते नाव ड्यूटीच्या तक्त्यावरच लिहिलेलं असतं.

पोस्ट गेल्यावर पहिल्या तासात हसण्याचे इमोजी मोजू नका. "शिबिर कुठे आहे?", "मागच्या महिन्यात दिलं, आता चालेल का?" असे प्रश्न आले तर मीम लागू पडलं (पुरुषांसाठी दोन दानांत 90 दिवस, स्त्रियांसाठी 120). फक्त मीमचीच चर्चा असेल तर संदेश पोहोचलेला नाही, तरी पोस्ट राहू द्या. पण एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकाने दुखावून लिहिलं, तर पोस्ट काढा आणि काय टाकलं होतं, का काढलं ते दोन वाक्यांत पेजवर सांगा. "भावना दुखावल्या असल्यास" असं लिहू नका. दुखावलेलं माणूस समोर आहे, त्याला कॉमेंटमध्ये नव्हे, फोन करून उत्तर द्या.