स्टँडअपमध्ये ‘अडलंय’ ही ओळ सगळ्यात वर

मी जळगावहून काम करतो. टीममधले बाकीचे धुळे, भुसावळ आणि पुण्यात. स्टँडअप म्हणजे रोज सकाळी दहाच्या आत चॅटवर कामाचं अपडेट टाकायचं. काल, आज, अडचण हा नेहमीचा साचा, पण अडचण शेवटी येते आणि मोबाइलवर घाईत वाचणारा तिथवर पोचतच नाही.

माझंच बघा. ‘पेमेंटचं काम चालू. अडचण: टेस्ट सर्व्हरची पेमेंट की मिळालेली नाही.’ तीन दिवस हेच. ही की कुणाकडून हवी ते लिहिलंच नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाला वाटलं दुसरा कुणी देईल. आता असं लिहितो:

```
अडलंय: टेस्ट सर्व्हरची पेमेंट की. @devops, आज १२ पर्यंत हवी.
नाही मिळाली तर: रिफंडची स्क्रीन घेतो.
काल: पेमेंट फॉर्म पूर्ण, रिव्ह्यूला दिला.
आज: की आल्यावर फॉर्म सर्व्हरला जोडणं.
```

कुणाला टॅग करायचं आणि किती वाजेपर्यंत हवं, एवढ्यानंच काम हलतं. दुसऱ्या ओळीमुळे मॅनेजरला कळतं की मी वाट बघत बसलेलो नाही. उत्तरं त्याच थ्रेडमध्ये द्यावीत, पण ती की मात्र चॅटवर कधीच टाकू नये. ती पासवर्ड मॅनेजरमधूनच घ्यावी. मे महिन्यात दुपारी लाइट जाणार असेल, तर तेही ‘अडलंय’मध्येच लिहितो.

‘आज’ची ओळ सलग दोन दिवस जशीच्या तशी आली, तर बहुतेक वेळा काम फार मोठं घेतलेलं असतं. ते तिथंच तोडून अर्ध्या दिवसाचा तुकडा लिहावा.